बाँडवरचा आकडा आणि खरं देणं

राजीनामा दिल्यावर दोन दिवसांत एचआरचा मेल येतो: प्रशिक्षणानंतरची ठरलेली मुदत आपण पूर्ण केलेली नाही, तेव्हा बाँडचे दोन लाख रुपये भरा, मगच रिलीव्हिंग लेटर मिळेल. मेल वाचून घाबरलेल्या मुलाला किंवा मुलीला त्याच संध्याकाळी दोन सल्ले मिळतात. मित्र म्हणतात, असले बाँड कोर्टात टिकत नाहीत, लक्षच देऊ नकोस. घरातले मोठे म्हणतात, सही केली होतीस ना, मग भरायलाच हवेत. दोन्ही सल्ले काळजीपोटीच दिलेले असतात, पण दोन्ही चुकीचे आहेत. पहिला ऐकणाऱ्याला पुढे कधीतरी वकिलाची नोटीस येते तेव्हा धक्का बसतो. दुसरा ऐकणारा जेवढं देणं लागत होता त्याच्या पाच-सहापट पैसे भरून मोकळा होतो, आणि आपण काय भरलं हे त्याला कधी कळतही नाही.

माझं म्हणणं असं आहे की 'बाँड कायदेशीर आहे का?' हा प्रश्नच इथे फारसा उपयोगाचा नाही. प्रशिक्षणावर खरा खर्च झाला असेल आणि मुदत वाजवी असेल, तर बाँड भारतात बहुधा कायदेशीरच ठरतो. पण तो कायदेशीर आहे म्हणून त्यात लिहिलेली रक्कम आपोआप देणं होत नाही. ती रक्कम जास्तीत जास्त किती मागता येईल याची मर्यादा सांगते. त्या मर्यादेच्या आत नेमकं किती द्यायचं हे ठरवायला दुसरे दोन प्रश्न विचारावे लागतात: कंपनीने या माणसावर खरोखर किती खर्च केला, आणि त्यातला किती भाग त्याने आजवरच्या कामातून फेडला?

हे माझ्या मनाचं नाही. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि त्याच्या ७४व्या कलमात हाच विचार आहे. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी लागेल असं आधीच लिहून ठेवलेलं असलं, तरी समोरच्याला मिळते ती 'वाजवी भरपाई', आणि ती त्या लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फतेह चंद खटल्यात हे स्पष्ट केलं आणि २०१५ साली कैलाश नाथ खटल्यात ते अधिक नीट मांडलं. हे दोन्ही खटले जमिनीच्या व्यवहारांचे होते, नोकरीचे नव्हते, पण तत्त्व करारमात्राला लागू आहे. नुकसान झालंच नसेल तर भरपाईचा प्रश्न येत नाही. नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते दाखवावं लागतं. मोजणंच अवघड किंवा अशक्य असेल, आणि लिहिलेली रक्कम हा आधी केलेला प्रामाणिक अंदाज असेल, तर न्यायालय ती तशीच मान्य करू शकतं.

कंपन्यांचे वकील याच कलमातल्या एका वाक्यांशाला धरून बसतात. प्रत्यक्ष नुकसान सिद्ध झालं असो वा नसो, भरपाई मिळेल, असे शब्द कलमात आहेत खरे. पण नुकसान किती झालं हे दाखवण्यातून कधीकधी सूट मिळते, म्हणून नुकसान व्हायलाच नको असा त्याचा अर्थ होत नाही. आणि प्रशिक्षणाचा खर्च ही तर सगळ्यात सहज मोजता येणारी गोष्ट. संस्थेचं बिल असतं, तिकिटं असतात, हॉटेलच्या पावत्या असतात. ज्याची बिलं कंपनीच्याच लेखा विभागात पडून आहेत, ते मोजणं अशक्य आहे असं कोण म्हणू शकेल?

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०११ सालच्या एका निकालात स्वच्छ दिसतं. सिक्पा इंडिया या कंपनीने कर्मचाऱ्याकडून तीन वर्षांचा बाँड घेतला होता, रक्कम दोन लाख. कर्मचारी दोन वर्षांनी निघून गेला. कंपनीने दोन लाखांचा दावा लावला. प्रशिक्षणावरचा खर्च दाखवायची वेळ आली तेव्हा आकडा निघाला ६७,५९५ रुपये. तीनपैकी दोन वर्षं माणसाने काम केलं होतं, राहिलं होतं एक वर्ष, म्हणून खर्चाचा तिसरा हिस्सा, म्हणजे २२,५३२ रुपये कंपनीला मिळाले. कंपनी यावर समाधानी नव्हती, पण उच्च न्यायालयाने त्यावर एक रुपयाही वाढवून दिला नाही.

दोन लाखांची मागणी आणि साडेबावीस हजारांचा निकाल. बाँडचा वाद समजून घ्यायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. यात बाँड रद्द झाला नाही, कर्मचारी फुकट सुटला नाही आणि कंपनीला मनमानी करता आली नाही. आता हीच रीत एका कल्पित प्रकरणाला लावून पाहू, म्हणजे वाद नेमका कुठे असतो ते दिसेल.

समजा, एक तरुणी कारखान्यात ट्रेनी इंजिनिअर म्हणून रुजू झाली. पगार महिना २८,००० रुपये. कंपनीने तिला पीएलसी प्रोग्रॅमिंगच्या सहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमासाठी बाहेरगावच्या संस्थेत पाठवलं. त्याआधी स्टॅम्पपेपरवर बाँड करून घेतला: प्रशिक्षण संपल्यापासून चोवीस महिने नोकरी सोडायची नाही, सोडल्यास दोन लाख रुपये. पंधरा महिन्यांनी तिला दुसरीकडे नोकरी मिळाली. तिने करारानुसार राजीनामा दिला आणि नोटीस पीरियड पूर्ण करायची तयारी दाखवली. कंपनीने दोन लाख मागितले. तिने हिशेब विचारल्यावर पुढची यादी आली: अभ्यासक्रमाची फी ४८,०००, प्रवास आणि राहण्याचा खर्च २४,०००, सहा आठवड्यांचा पगार ४२,०००, रुजू झाल्यावर कारखान्यातच दिलेलं आठवडाभराचं प्रशिक्षण ३०,०००, आणि उरलेली रक्कम 'प्रकल्पाचं नुकसान' म्हणून.

एकेक नोंद पाहू. फी आणि प्रवास-निवास या दोन नोंदींवर वाद घालू नये. कंपनीने बाहेरच्या संस्थेला पैसे मोजले, त्यातून या मुलीला असं कौशल्य मिळालं की जे ती उद्या दुसऱ्या कारखान्यातही वापरणार आहे. हा खर्च खरा आहे आणि तो तिच्यासाठीच झाला. फक्त बिल पाहायला मागावं, कारण बऱ्याचदा एका बॅचचं बिल एका माणसाच्या नावावर मांडलेलं असतं. फीवरचा जीएसटी कंपनीला क्रेडिट म्हणून परत मिळाला असेल, तर तोही खर्चात धरता येणार नाही.

रुजू झाल्यावरचं आठवड्याचं प्रशिक्षण मात्र मी या यादीतून सरळ काढून टाकीन. सुरक्षेचे नियम, कारखान्याची ओळख, रजेचे फॉर्म कसे भरायचे, या कंपनीचं सॉफ्टवेअर कसं चालवायचं, हे सगळं माणसाला त्याच कंपनीत कामाला लावण्यासाठी असतं. बाहेर त्याला काही किंमत नाही. शिकवणारेही कंपनीचेच पगारी लोक, ते शिकवत नसते तरी त्यांचा पगार निघालाच असता. नव्या माणसाला कामाची ओळख करून देणं हा धंदा चालवण्याचा रोजचा खर्च आहे. आयटी क्षेत्रातल्या बऱ्याच बाँडमध्ये 'प्रशिक्षण' या नावाखाली एवढंच असतं, आणि काही ठिकाणी तर तीन महिन्यांचं प्रशिक्षण म्हणून दाखवलेल्या काळात ती मुलं ग्राहकाच्या प्रकल्पावर काम करत असतात. वाद असेल तर त्या काळातले ईमेल, टाइमशीट, हजेरीचे तक्ते जपून ठेवावेत. प्रशिक्षणाच्या दिवसांत तुम्ही काम करत होता हे त्यातूनच दिसतं.

'प्रकल्पाचं नुकसान' या नोंदीत काहीच नाही. माणूस गेला की दुसरा नेमावा लागतो, त्यात वेळ जातो, हे खरं. पण त्यासाठीच नोटीस पीरियड असतो. तो पूर्ण केला असेल तर तेच नुकसान पुन्हा बाँडमधून वसूल करणं म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे घेणं. नोटीस पीरियड पूर्ण केला नसेल तर त्याचा पगार द्यावा लागेल, पण तो हिशेब वेगळा.

राहिला सहा आठवड्यांचा पगार, आणि खरा वाद इथेच आहे. कंपनी म्हणेल, त्या काळात तिने आमचं काहीच काम केलं नाही, तरी आम्ही पगार दिला, तर तो प्रशिक्षणाचाच खर्च आहे. या युक्तिवादात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, विशेषतः एखाद्याला सहा महिने परदेशी पाठवून पूर्ण पगार दिला असेल तर. तरी माझं मत असं की पगार परत मागू नये. कंपनीने सांगितलेल्या ठिकाणी, सांगितलेल्या वेळी, सांगितलेली गोष्ट करणारा माणूस नोकरीवरच असतो. त्या काळात तो दुसरीकडे कमावू शकत नव्हता. कामाच्या वेळेचा पगार हा उसना दिलेला पैसा नसतो. पण न्यायालयात यावर दुसऱ्या बाजूनेही मत पडू शकतं, म्हणून हिशेब करताना दोन्ही आकडे समोर ठेवणं शहाणपणाचं.

आता बेरीज. पगार न धरता खर्च ७२,०००. चोवीसपैकी नऊ महिने बाकी. बहात्तर हजारांचा तेवढा भाग म्हणजे २७,००० रुपये. पगार धरला तर खर्च १,१४,००० आणि देणं ४२,७५० रुपये. म्हणजे दोन लाखांवरून पेटलेलं भांडण खरं तर १५,७५० रुपयांचं आहे. सत्तावीस हजार तर तिने द्यायलाच हवेत असं मला वाटतं, आणि कंपनीच्या बाजूने सगळं मान्य केलं तरी आकडा त्रेचाळीस हजारांच्या पुढे जात नाही. एवढं कळलं की रात्रीची झोप परत येते आणि बोलणीही माणसांसारखी होऊ शकतात.

या हिशेबाला मर्यादा आहेत, त्या लपवून उपयोग नाही. महिन्यागणिक रक्कम कमी करत जाण्याची रीत न्यायालयावर बंधनकारक नाही. मद्रास उच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकात एका प्रकरणात असं धरलं की कर्मचाऱ्याला कंपनीच्या खर्चाने विशेष प्रशिक्षणाचा लाभ मिळाला असेल, तर नुकसान वेगळं सिद्ध करायची गरज नाही. आणि अलीकडचा सगळ्यात वजनदार निकाल कंपन्यांच्या बाजूचा आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेचा दोन लाखांचा बाँड पूर्ण उचलून धरला. तिथला अधिकारी तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आत, २००९ साली, दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी बाहेर पडला होता. त्याने पैसे निषेध नोंदवून भरले आणि नंतर ते परत मागायला न्यायालयात गेला. उच्च न्यायालयात तो जिंकला, सर्वोच्च न्यायालयात हरला.

या निकालानंतर 'आता बाँड पक्के झाले' असं सर्रास म्हटलं जाऊ लागलं आहे. निकाल नीट वाचला तर तसं म्हणता येत नाही. त्यात दोन वेगळे मुद्दे आहेत. पहिला करार कायद्याच्या २७व्या कलमाचा. कोणालाही धंदा किंवा नोकरी करण्यापासून रोखणारा करार या कलमाने निरर्थक ठरतो. न्यायालयाने म्हटलं की किमान मुदतीची अट नोकरी चालू असतानाची आहे, ती सोडून गेल्यावर दुसरीकडे काम करायला मनाई करत नाही, म्हणून या कलमाने ती रद्द होत नाही. हे मला पटतं, आणि सोडून जाणाऱ्याने २७व्या कलमावर फार भिस्त ठेवू नये. दुसरा मुद्दा रकमेचा. सरकारी बँकेला जाहिरात देऊन, खुली स्पर्धा घेऊनच माणसं नेमावी लागतात, ती प्रक्रिया लांब आणि खर्चिक असते, आणि तो अधिकारी चांगल्या पगाराच्या वरिष्ठ पदावर होता, त्यामुळे दोन लाखांनी राजीनामा देणं त्याला अशक्य झालं नव्हतं. त्याने तर रक्कम भरून राजीनामा दिलाही होता.

हा तर्क आपल्या ट्रेनी मुलीला लावून पाहा. खासगी कंपनीवर खुल्या स्पर्धेचं बंधन नाही, ती उद्या ओळखीतून माणूस नेमू शकते. आणि २८,००० पगाराच्या मुलीला दोन लाख म्हणजे सात महिन्यांहून जास्त पगार. तिच्यासाठी ही रक्कम राजीनाम्याचा रस्ताच बंद करते. ज्या कारणांनी बँकेचा बाँड टिकला, तीच कारणं इथे तिच्या बाजूने उभी राहतात. म्हणून मी तो निकाल कर्मचाऱ्यांच्या विरोधातला मानत नाही. रक्कम पगाराशी आणि पदाशी ताडून पाहायची हे त्यातूनच निघतं.

कंपनीची बाजू मी हलकी मानत नाही. पन्नास माणसांचा एखादा कारखाना नव्या मशीनसाठी दोघांना शिकायला पाठवतो, ते शिकून येतात आणि दोन महिन्यांत शेजारचा मोठा कारखाना पाच-सहा हजार जास्त देऊन त्यांना उचलतो. लहान उद्योजकाचे पैसे, वेळ आणि मशीन तिन्ही अडकतात. असं दोनदा झालं की तो कोणालाच शिकायला पाठवत नाही, आणि पुढच्या मुलांची संधी जाते. अशा वेळी दोन महिन्यांत निघालेल्याने 'बाँड टिकत नाही' म्हणून हात वर करणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच्या बाबतीत चोवीसपैकी बावीस महिने बाकी आहेत, तर खर्चाचा जवळजवळ सगळा भाग त्याने परत करायला हवा. तो स्वतः देऊ शकत नसेल तर ज्याला तयार माणूस मिळाला त्या नव्या कंपनीकडून मागून घ्यावा. बऱ्याच कंपन्या जुन्या ठिकाणचं असं देणं भागवतात. त्यांना ते ऑफर स्वीकारण्याआधी विचारावं लागतं, नंतर कोणी ऐकत नाही.

पण एक गोष्ट आधी तपासावी: नोकरी कोणामुळे तुटली? पगार तीन-तीन महिने थकवला, प्रशिक्षण पीएलसीचं दिलं आणि काम गोदाम मोजण्याचं दिलं, किंवा कंपनीनेच काढून टाकलं, तर करार आधी कंपनीने मोडलेला असतो. मग बाँडची मागणी फारच कमकुवत होते. फक्त हे राजीनाम्याच्या पत्रात लिहिलेलं हवं. 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहून बाहेर पडलेल्या माणसाने सहा महिन्यांनी थकलेल्या पगाराचं कारण सांगितलं तर त्यावर कोण विश्वास ठेवणार?

आता मला सगळ्यात जास्त खटकणाऱ्या गोष्टीकडे येतो. वर सांगितलेला सगळा हिशेब न्यायालयातला आहे, आणि बाँडची वसुली सहसा न्यायालयात होतच नाही. सत्तावीस हजारांसाठी कंपनी दावा लावत बसत नाही. कराराचा हा दिवाणी दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, वकील द्यावा लागतो, बिलं काढून दाखवावी लागतात. त्यापेक्षा रिलीव्हिंग लेटर अडवणं सोपं. नवी कंपनी पंधरा दिवसांत ते पत्र मागते, मुलगी घाईत असते, घरच्यांकडून उसने घेऊन ती दोन लाख भरते. कायद्याने जे साडेबावीस किंवा सत्तावीस हजार झाले असते ते एका पत्राच्या धाकाने दोन लाख होतात. काही ठिकाणी तर दहावी-बारावीची, पदवीची मूळ प्रमाणपत्रं सुरुवातीलाच ठेवून घेतलेली असतात. माणसाची गुणपत्रिका ही गहाण ठेवण्याची वस्तू नाही. कितीही चांगली नोकरी असली तरी ती देऊ नये, मूळ प्रत दाखवून साक्षांकित प्रत द्यावी.

प्रमाणपत्रापेक्षाही घातक कागद म्हणजे सही केलेला कोरा चेक. बँकेत पैसे नसतील तर काय होणार, अशा समजुतीने मुलं तो देऊन टाकतात. कंपनीने त्यावर दोन लाखांचा आकडा आणि तारीख घालून तो वटवायला टाकला आणि तो परत आला, तर प्रकरण दिवाणी राहत नाही. चेक न वटल्याबद्दल निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या १३८व्या कलमाखाली फौजदारी तक्रार होऊ शकते. चेकमागे देणं होतं असं न्यायालय सुरुवातीला धरून चालतं, कोऱ्या चेकवर दुसऱ्याने आकडा भरला असला तरी. ते गृहीत खोडता येतं: चेक तारण म्हणून दिला होता आणि दोन लाखांचं देणं कधी नव्हतंच, हे दाखवता येतं. पण ते दाखवण्याचं ओझं आता त्या मुलीवर येतं. म्हणून चेक दिलेला असेल तर राजीनाम्याबरोबरच लेखी कळवावं की अमुक क्रमांकाचा चेक प्रशिक्षणाच्या बाँडसाठी तारण म्हणून दिला होता, रक्कम वादात आहे, तो वटवू नये आणि परत करावा. त्यानंतरही चेक परत येऊन नोटीस आलीच तर पंधरा दिवसांच्या मुदतीत वकिलामार्फत उत्तर जायलाच हवं. ही एक नोटीस कधीही कपाटात ठेवून द्यायची नाही.

बाकीच्या धमक्यांत फार दम नसतो. नोकरी सोडून जाणं हा गुन्हा नाही, त्यासाठी पोलीस पकडत नाहीत. बाँडचा पैसा हे बँकेचं कर्ज नाही, त्यामुळे कंपनी सिबिल स्कोअर बिघडवू शकत नाही. कामावरच थांब असा आदेश न्यायालय कोणालाही देत नाही, फार तर भरपाई द्यायला सांगतं. पीएफचे पैसे कंपनीच्या हातात नसतात, आणि नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरली नाही तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी सदस्य ती पोर्टलवर स्वतः भरू शकतो. शेवटचा पगार अडवण्यालाही कायद्याचा आधार नाही. वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतरचं देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं आणि कपात फक्त कायद्यात दिलेल्या कारणांसाठीच करता येते.

मग त्या मुलीने काय करावं? मी सांगेन, भांडणाची भाषा न करता एक मेल लिहावा. सही केलेल्या बाँडची प्रत मागावी, कारण बहुतेकांकडे ती नसतेच. प्रशिक्षणाची बिलं मागावीत. मग आपला हिशेब मांडावा: बिलांप्रमाणे खर्च ७२,०००, चोवीसपैकी पंधरा महिने काम झालं, बाकी नऊ महिन्यांचे २७,००० मी शेवटच्या दिवशी द्यायला तयार आहे, त्याच दिवशी रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र आणि काही येणं बाकी नसल्याचं पत्र द्यावं. 'दोन लाख मान्य आहेत पण हप्ते द्या' असलं वाक्य घाबरून कधीही लिहू नये, कारण मग तो आकडा तिने स्वतःच कबूल केल्यासारखं होतं. नव्या कंपनीलाही आधीच सांगून ठेवावं की वाद आहे, हा मेल पाहा, राजीनामा स्वीकारल्याचा मेल आणि पगाराच्या स्लिपा पाहा. प्रामाणिक हिशेब समोर असेल तर रिलीव्हिंग लेटरशिवायही बरेच जण रुजू करून घेतात. आणि नोकरी हातची जाते आहे म्हणून पूर्ण रक्कम भरावीच लागली, तर भरतानाच लिहून द्यावं की ही रक्कम निषेध नोंदवून, परत मागण्याचा हक्क राखून भरत आहे. विजया बँकेचा अधिकारी हरला, पण त्याची बाजू देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत ऐकली गेली ती तो निषेध नोंदवलेला होता म्हणूनही.

आणखी एक कलम पाहून ठेवावं, करारातल्या शेवटच्या पानावरचं. वाद झाल्यास अमुक शहराच्या न्यायालयातच, किंवा कंपनीने नेमलेल्या लवादापुढेच, असं तिथे लिहिलेलं असतं. नोकरीच्या करारातलं ठरावीक शहराचं असं कलम सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली मान्य केलं आहे. सत्तावीस हजारांसाठी हजार किलोमीटरवर तारखांना जाणं कोणाला परवडेल?

म्हणूनच मला वाटतं, हा प्रश्न एकेका मुलीच्या हुशारीवर सोडून चालणार नाही. तीन साध्या गोष्टी कायद्यात लिहिल्या तर बाँडचा बहुतेक वाद मिटेल. प्रशिक्षणाआधी त्याचा खर्च नोंदीनुसार लेखी द्यावा आणि बाँडची रक्कम त्यापेक्षा जास्त नसावी. ती दर महिन्याला कमी होत जाईल असं करारातच असावं. आणि रिलीव्हिंग लेटर कोणत्याही पैशाच्या वादाशी जोडता येऊ नये: पैसे हवेत तर दावा लावा, पत्र मात्र सात दिवसांत द्या. उद्योजक म्हणतील की मग वसुली होणारच नाही. ज्याचा खर्च खरा आहे त्याच्याकडे पहिल्याच दिवशी बिल आणि घटत जाणारा तक्ता असेल, आणि असा तक्ता स्वतःच्या सहीनिशी समोर असताना पैसे नाकारणं कोणालाही अवघड आहे. ज्यांची वसुली खरोखर थांबेल त्यांच्याकडे दाखवायला बिल नसेल, आणि ती थांबायलाच हवी.

तोवर सही करण्यापूर्वीची वेळ सगळ्यात मोलाची आहे. बाँड पुढे केला की विचारावं: प्रशिक्षण कोणतं, किती दिवसांचं, खर्च किती, मुदत कधीपासून मोजणार, आणि महिन्याला किती रक्कम कमी होणार? पहिल्या नोकरीच्या आनंदात हे विचारायला जीभ रेटत नाही, ते मला ठाऊक आहे. मग निदान त्याच दिवशी घरी येऊन एचआरला मेल करावा, 'आज सही केलेल्या बाँडची प्रत आणि प्रशिक्षणाच्या खर्चाचा तपशील कृपया पाठवा.' उत्तर आलं तर आकडा मिळतो. नाही आलं, तर पंधरा महिन्यांनी प्रकल्पाचं नुकसान जोडून यादी पाठवणाऱ्या कंपनीला विचारायला तो मेल, त्याच्या तारखेसह, हातात असतो.